लाल-पिवळ्या चौकटींतले आकडे

लहान बांधकामाच्या साइटवरही आता धोक्यांचा रंगीत तक्ता, म्हणजे हीट मॅप, दिसू लागला आहे. आडव्या ओळीत शक्यता, उभ्या ओळीत परिणाम, दोन्हींना १ ते ५ आकडे आणि त्यांच्या गुणाकारावरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. दिसायला तो नेटका असतो. पण त्या गुणाकारावर विसंबून पैसे आणि माणसे कुठे लावायची हे ठरवले, तर चुकीच्या जागी लक्ष जाते. हे कसे होते ते एका नमुन्यावरून पाहू.

पुण्याच्या उपनगरात तीन गुंठ्यांवर दुमजली घर बांधायचे आहे. खर्च ६० लाख. वर काळी माती, खाली मुरूम. फुटिंगसाठी दोन मीटर खोल खड्डे. कुंपणाला लागून शेजारचे जुने घर आहे. ते भारवाही भिंतींचे, पाया उथळ. खोदाई मेअखेरीस ठरली आहे. तक्त्यात दोन धोके लिहिले. पहिला: सेंट्रिंगचे सामान वेळेवर न आल्याने स्लॅब लांबणे. दुसरा: खोदाईत पाऊस येऊन माती सुटणे आणि शेजारचे घर खचणे.

बैठकीत ठेकेदार म्हणतो, “शेजारच्या घराचं? कमीच शक्यता आहे हो, साहेब.” आरसीसीचे काम पाहणारा इंजिनिअरही ‘कमी’च लिहितो. एकाच्या मनात शंभर साइटपैकी एक असते, दुसऱ्याच्या मनात दहापैकी एक. शब्द एकच असल्याने मतभेद दिसतच नाही. अमेरिकी गुप्तचर संस्थेतले शर्मन केंट यांना १९५१ मध्ये हेच अनुभवाला आले. युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे त्यांच्या गटाने एका अहवालात एकमताने लिहिले होते. नंतर प्रत्येकाला त्याचा अर्थ विचारला, तेव्हा उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरली.

म्हणून पायऱ्यांखाली शब्दांऐवजी मोजमाप लिहावे, आणि ते कोणत्या काळासाठी आहे तेही. आपल्या घरासाठी शक्यतेच्या पायऱ्या अशा ठेवू: पहिली १ टक्क्याच्या आत, दुसरी १ ते ५, तिसरी ५ ते २०, चौथी २० ते ५०, पाचवी त्याहून जास्त; सगळे या एका बांधकामाच्या मुदतीत. परिणामाच्या पायऱ्या रुपयांत: ३० हजारांपर्यंत, १ लाखापर्यंत, ३ लाखांपर्यंत, १० लाखांपर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक मर्यादा आधीच्या सुमारे तिप्पट आहे, हे लक्षात ठेवा. हे आकडे मोठ्या प्रकल्पाच्या तक्त्यातून उचलायचे नाहीत. ६० लाखांच्या घराला १० लाखांचा फटका मोडून टाकतो, ६० कोटींच्या इमारतीला तो जाणवतही नाही.

आता दोन्ही धोके बसवू. सेंट्रिंग उशिरा येण्याची शक्यता ३० टक्के धरू, नुकसान दीड लाख. पायऱ्या ४ आणि ३, गुणाकार १२. शेजारचे घर खचण्याची शक्यता ४ टक्के. डागडुजी, भरपाई, काम थांबणे मिळून नुकसान २० लाख. पायऱ्या २ आणि ५, गुणाकार १०. तक्ता सांगतो, सेंट्रिंगकडे आधी बघा. पण शक्यता आणि रक्कम यांचा खरा गुणाकार केला तर सेंट्रिंगचा धोका ४५ हजारांचा निघतो आणि शेजारच्या घराचा ८० हजारांचा. क्रम उलटा झाला.

कारण साधे आहे. तक्त्यातले १ ते ५ हे परीक्षेतल्या क्रमांकासारखे आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या मुलात अर्ध्या गुणाचा फरक असू शकतो किंवा चाळीस गुणांचा. आपल्या तक्त्यात दुसऱ्या पायरीवरून चौथीवर गेलो की आकडा दुप्पट होतो, पण शक्यता ३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेलेली असू शकते. एकाच चौकटीतही तफावत असते: तिसरी शक्यता आणि तिसरा परिणाम यांच्या चौकटीत ५ हजारांचा धोकाही बसतो आणि ६० हजारांचाही. लुईस अँथनी कॉक्स यांनी २००८ मध्ये गणिताने दाखवले, की वारंवार घडणारे धोके लहान आणि क्वचित घडणारे मोठे असतील, तर असा तक्ता चिठ्ठ्या टाकून काढलेल्या क्रमापेक्षाही वाईट ठरू शकतो. बांधकामावर नेमके असेच असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पायऱ्यांचा गुणाकार करू नये. प्रत्येक चौकटीचा रंग काय करायचे त्यावरून ठरवावा. लाल म्हणजे तजवीज झाल्याशिवाय ते काम सुरू करायचे नाही. पिवळा म्हणजे एका माणसाचे नाव आणि तारीख. हिरवा म्हणजे महिन्यातून एकदा बघायचे. पाचव्या परिणामाची एकही चौकट हिरवी ठेवायची नाही, शक्यता कितीही कमी असो. दोन धोके जवळजवळ वाटले तर रुपयांत हिशेब करावा, आणि अंदाज पक्का नसेल तर एका चौकटीत ठिपका न ठेवता दोन-तीन चौकटींवर पट्टा ओढावा. चौकटीत रंगाबरोबर ‘ला’, ‘पि’, ‘हि’ अशी अक्षरेही लिहावीत. साइटवर हा तक्ता काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरच फिरतो, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसेही तो वाचतात.

जिवाचा धोका या रुपयांच्या पायऱ्यांत मिसळू नये. त्याच खड्ड्यात उतरलेल्या मजुरावर माती कोसळू शकते; ओल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाहून जड असतो. खोदाईच्या सुरक्षेसाठी आयएस ३७६४ हे भारतीय मानक आहे आणि दीड मीटरहून खोल चराला आधार देणे किंवा उतार देणे ही नेहमीची अट आहे. आपले खड्डे दोन मीटरचे आहेत. इथे शक्यता किती यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. जिवाची ओळ वेगळी, आणि ती आधाराची फळी लागेपर्यंत लाल.

उपाय लिहिल्यावर आणखी एक चूक होते: दोन्ही आकडे सरसकट खाली येतात. खोदाई एप्रिलमध्ये घेतली तर पाऊस गाठण्याची शक्यता घटते. मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो असे धरून मेअखेरीची तारीख ठरवणाऱ्यांनी २०२५ आठवावे. त्या वर्षी तो २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात पोहोचला. पण घर खचलेच तर नुकसान तितकेच राहते. म्हणून ठिपका फक्त आडवा सरकतो, खाली उतरत नाही. शेजारच्या भिंतीलगतचे खड्डे एकाआड एक घेऊन, पहिल्यांत काँक्रीट भरल्यावरच उरलेले खोदले, तर एका वेळी थोडाच पाया उघडा पडतो. तेव्हा परिणामही उतरतो. कोणता उपाय कोणत्या दिशेला ठिपका सरकवतो, हे त्याच्यासमोर लिहिलेच पाहिजे.

घर बांधायला काढणाऱ्यांना एक विनंती. ठेकेदाराने असा रंगीत कागद पुढे ठेवला, तर आधी त्याच्या तळाशी पायऱ्यांचे अर्थ टक्के, रुपये आणि मुदत यांत लिहिले आहेत का ते बघा. नसतील तर कागद परत द्या आणि ते लिहून मागा.