कागद कुठे अडकला ते आधी पाहा

दाखल्यासाठी रांग लागलेली असते आणि प्रिंटरमधून 'घर्र, घर्र' असा आवाज येतो. ट्रेमध्ये कागद भरपूर असतो, पण पान काही पुढे सरकत नाही. केंद्र चालवणारा मुलगा कागदाची थप्पी काढतो, टेबलावर आपटून सरळ करतो, परत ठेवतो. दोन पानं निघतात आणि पुन्हा तोच आवाज येतो. मग तो वरच्या पानाला बोटाने हलकेच ढकलतो आणि पान झटकन आत जातं.

बोटाच्या आधाराने पान जात असेल, तर बहुतेक वेळा दोष पिकअप रोलरचाच असतो.

एचपीचा लेझरजेट १०२० हा काळा-पांढरा प्रिंटर आपल्याकडच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं राबला आहे, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. त्याच्या ट्रेच्या तोंडाशी रबर चढवलेला छोटा रोलर असतो. दर पानाला तो एक फेरी घेतो आणि वरचा कागद आत ओढतो. समोर खालच्या बाजूला सेपरेशन पॅड नावाची पट्टी असते. रोलरची कागदावरची पकड सर्वांत जास्त, पॅडची त्याहून कमी आणि दोन कागदांमधली सर्वांत कमी, असा हा हिशेब असतो. त्यामुळे वरचं पान रोलरबरोबर जातं आणि खालचं पॅडपाशी थांबतं. हा क्रम बिघडला की कागद उचलला जात नाही किंवा दोन-तीन पानं एकदम आत घुसतात.

बिघाडाला कारण कागदच असतो. त्यात खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. ती घासून सुटते आणि रबरावर पांढुरका थर धरते. शिवाय घासून घासून रबराचा खरबरीतपणा जातो आणि ते गुळगुळीत, चकचकीत दिसू लागतं. असा रोलर फिरतो, पण कागदावरून घसरतो. पान ठरल्या वेळेत पुढच्या सेन्सरपाशी पोचलं नाही की प्रिंटर काम थांबवतो. पान अर्धवट आत शिरलेलं असेल, तर तेच अडकून बसतं. पावसाळ्यात उघड्या रिममधले कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, तेव्हा चांगल्या रोलरलाही दोष लागतो. म्हणून निदान करण्याआधी नव्या, कोरड्या रिममधली पानं घालून पाहावीत.

अडकलेला कागद कुठे थांबला तेही पाहायला हवं. ट्रेच्या तोंडाशी थांबला असेल तर रोलर आणि पॅड तपासावेत. पान बाहेर पडण्याच्या तोंडाशी, फ्यूजरजवळ अडकत असेल, तर रोलर बदलून फार काही साधणार नाही. फ्यूजर नुकताच चाललेला असेल तर चांगलाच तापलेला असतो, तिथे घाईने हात घालू नये. कागद दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. चिमटा किंवा सुरी अजिबात वापरू नये, आतल्या भागांवर ओरखडा उठतो. हाताला किंवा कपड्याला टोनर लागला तर थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो कापडात पक्का बसतो.

आता रोलर काढू. प्रिंटर बंद करून वायर काढायची, वरचं दार उघडून कार्ट्रिज बाहेर घ्यायचं. त्यातला ड्रम उजेडाने खराब होतो, म्हणून कार्ट्रिज कापडाने झाकून ठेवायचं. रोलरच्या दोन्ही टोकांना छोटे पांढरे खटके असतात. ते मोकळे करून रोलर पुढच्या बाजूला फिरवला की वर उचलून निघतो. स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

साफ करायला धागे न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. रबर चोळायचं, सुटलेला मळ कोरड्या कापडाने पुसायचा आणि रोलर पूर्ण वाळू द्यायचा. हे अल्कोहोल पेट घेणारं आहे, जवळ ज्योत नको. काही जण पॉलिश पेपरने रबर घासतात, काही रबराखाली टेप गुंडाळतात. प्रिंटर थोडे दिवस चालतोही, पण झिजलेलं रबर भरून येत नाही. साफ केल्यावर तक्रार लवकरच परतली, तर रोलर बदलणंच योग्य.

नव्या रोलरच्या एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी खाच असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. वरची बाजू मागे फिरवली की दोन्ही टोकं खट्ट करून बसतात. दोन-दोन पानं खेचली जात असतील तर पॅडही बदलावा. तो प्रिंटरच्या तळाशी दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. ट्रे रिकामा करून प्रिंटर उभा केला की ते स्क्रू हाताशी येतात.

रोलर आणि पॅड दोन्ही नवे घालूनही कागद चुकीच्या वेळी खेचला जात असेल, तर रोलरची फेरी सोडणाऱ्या सोलेनॉइडचा संशय घ्यावा. त्यावरचा फोमचा तुकडा जुना होऊन चिकट होतो आणि खटका वेळेवर सुटत नाही. ते काम मात्र मेकॅनिककडे द्या आणि त्याला रोलर व पॅड बदलल्याचं आधीच सांगा.