रंगपटाच्या मागे – भाग ७ : लाल साडी जांभळी करताना

मागच्या भागात विंडो आणि ट्रॅकर पाहिले. आज त्यांना कामाला लावू. शॉट असा : ओसरीत उभी असलेली बाई, अंगावर लाल साडी, सोनेरी जरीचे काठ, कपाळी कुंकू. एडिट झाले, ग्रेडही झाले, आणि मग दिग्दर्शकाला साडी हिरवी हवी झाली.

रिझॉल्व्हमध्ये नवीन नोड घ्या, क्वालिफायर उघडा आणि पिपेट साडीच्या मधल्या उजेडातल्या चुण्यांवरून ओढा. Shift+H दाबलं की निवडलेला भाग रंगीत आणि बाकीचा करडा दिसतो. पहिल्याच फटक्यात बाईचा चेहराही रंगीत दिसेल. त्यात तुमची चूक नाही. माणसाची कातडी गोरी असो वा सावळी, तिचा ह्यू नारंगी-लाल पट्ट्यातच येतो, म्हणजे लाल साडीच्या अगदी शेजारी. ह्यूची पट्टी अरुंद करत गेलात तर चेहरा सुटेल, पण साडीच्या सावलीतल्या चुण्याही सुटतील.

इथे सॅच्युरेशन उपयोगी पडतं. साडीचा लाल गडद, कातडीचा त्या मानाने फिका. त्यामुळे ह्यूची पट्टी थोडी सैल ठेवा आणि सॅच्युरेशनची खालची मर्यादा हळूहळू वर न्या. आधी गाल जातात, मग हात. जरही बहुधा त्यांच्यासोबत निघून जाते, ते बरंच. कुंकू आणि ओठ मात्र राहतात, कारण तेही साडीइतकेच गडद. त्यांच्यासाठी चेहऱ्यावर विंडो काढून ती उलटी करायची आणि ट्रॅक करायची.

आता ह्यू फिरवा. प्रायमरीजमध्ये तो मुळात ५० वर असतो. लाल ते हिरवा म्हणजे रंगचक्राचा तिसरा हिस्सा. एवढं फिरवलं की हनुवटीखाली पडलेली साडीची लाल झाक उघडी पडते : साडी हिरवी आणि गळ्यावर उजेड लाल! शिवाय काठाशी लाल कड उरते. आठ बिटच्या ४:२:० फाइलमध्ये रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच असते, त्यामुळे ही कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ब्लर रेडियस थोडा वाढवला की ती मऊ होते. जास्त वाढवला तर साडीभोवती धूसर वलय येतं. हिरव्यापेक्षा जांभळा लालच्या जवळ आहे, निम्म्याच फेरीत मिळतो, आणि गळ्यावरची लाल झाक त्याच्याशी खपून जाते. दिग्दर्शकाला दोन्ही दाखवले, त्यांनी जांभळा घेतला.

निवड नेहमी शॉट चालवून तपासा. थांबलेल्या फ्रेममध्ये स्वच्छ दिसणारी साडी चालत्या शॉटमध्ये मुंग्या आल्यासारखी वळवळते. मग निवडीची मर्यादा मऊ करा, किंवा क्वालिफायरच्या आधीच्या नोडवर नॉइज कमी करा.

पांढऱ्या शर्टावर हा उपाय चालत नाही. त्याला धरायला ह्यूच नसतो. तिथे ल्युमिनन्स आणि विंडो, पुढच्या भागात.