पहाटे पनवेल, रूम मात्र दुपारी दोनला

समजा, तुम्ही कुडाळचे. शुक्रवारी सकाळी अकराला ऐरोलीत इंटरव्ह्यू आहे. गुरुवारी रात्री कोकणकन्या पकडायची, पहाटे पनवेलला उतरायचं, नेरूळच्या हॉटेलवर जाऊन आंघोळ करायची, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि ठाण्याकडे जाणारी लोकल धरून ऐरोली गाठायची. बुकिंग झालंय, कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट गॅलरीत आहे, घरच्या ग्रुपवरही टाकून झालाय. सगळं ओके?

तो स्क्रीनशॉट पुन्हा उघडा. आपण त्यात हॉटेलचं नाव, रक्कम आणि हिरवी टिकमार्क एवढंच बघतो. त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: चेक-इन शुक्रवार, दुपारी दोनपासून. चेक-आउट शनिवार, सकाळी अकरापर्यंत. म्हणजे तुमचा इंटरव्ह्यू संपून तुम्ही जेवायला बसाल, तेव्हा कुठे रूम तुमची होणार. आंघोळीचं काय?

इथली खरी गोची तारखेची आहे. हॉटेल तारखा मोजत नाही, रात्री मोजतं. शुक्रवारचे पहाटेचे पाच हे आपल्यासाठी शुक्रवार, पण हॉटेलच्या हिशेबात ती अजून गुरुवारची रात्रच असते. त्या वेळी रूममध्ये गुरुवारचा पाहुणा झोपलेला असतो. तो अकराला बाहेर पडणार, मग चादरी बदलणार, बाथरूम धुणार, आणि ज्या दिवशी सगळ्याच खोल्या एकदम रिकाम्या होतात त्या दिवशी हे काम दुपारपर्यंत चालतं. त्यामुळे रिसेप्शनवरच्या माणसाने ‘रूम नाही’ म्हटलं, तर तो दरवेळी भाव खात असतो असं नाही. आदल्या रात्री हॉटेल भरलेलं होतं की नाही, यावर सगळं ठरतं. डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठी मॅच किंवा कॉन्सर्ट असेल, तर नेरूळ परिसरात लवकर रूम मिळण्याची आशा न धरलेलीच बरी. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले तिथे तीन दिवस वाजवून गेलं, ते दिवस आठवा.

मग मार्ग दोन. पहिला, गुरुवारच्या रात्रीचं बुकिंग करायचं. पैसे पूर्ण रात्रीचे जातात, पण पहाटे पाचला रूम हक्काची. मात्र यात एक खड्डा आहे, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. गुरुवारी रात्रीपर्यंत तुम्ही आला नाहीत, तर काही हॉटेलं तुम्हाला ‘नो-शो’ धरून रूम दुसऱ्याला देतात. नियमांवर बोट ठेवून पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून असं बुकिंग केलं असेल, तर ‘मी शुक्रवारी पहाटे साडेपाचला पोहोचेन, रूम ठेवा’ हे आधी लेखी कळवून त्यावर ‘हो’ घ्यायलाच हवं. शिवाय शुक्रवारी अकराला ही रूम सोडायचीये, म्हणजे इंटरव्ह्यूला निघतानाच बॅग घेऊन खाली यायचं.

दुसरा मार्ग, शुक्रवारचंच बुकिंग ठेवायचं आणि हॉटेलला मेसेज करायचा. आता हा मेसेज. आपण काय लिहितो? ‘हाय, अर्ली चेक-इन मिळेल का?’ त्यावर उत्तर येतं ‘सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी’, आणि आपण ते ‘हो’ समजून गाडीत बसतो. ते ‘हो’ नाही. अ‍ॅपवरच्या ‘स्पेशल रिक्वेस्ट’च्या चौकोनात टिक केली, तरी ती फक्त विनंती असते, कोणी वाचलीच असेल याचीही खात्री नाही.

नीट बघितलं तर पहाटे पाचला तुम्हाला रूम नकोच आहे. तुम्हाला बॅग ठेवायला जागा हवीये आणि पंधरा मिनिटं बाथरूम. ही मागणी पूर्ण करणं हॉटेलला खूप सोपं असतं, पण ती मागितली तरच. म्हणून मेसेज असा:

‘नमस्कार. शुक्रवार ते शनिवार, एक रात्र, एक व्यक्ती असं माझं बुकिंग आहे. बुकिंग नंबर आणि नाव खाली देत आहे. माझी गाडी पहाटे पनवेलला येते, मी साडेपाच-सहापर्यंत हॉटेलवर पोहोचेन. त्या वेळी रूम मिळू शकेल का? जादा पैसे लागणार असतील तर किती ते कृपया कळवा. रूम नसेल तर बॅग ठेवून आंघोळीची सोय होईल का? मला नऊला इंटरव्ह्यूसाठी निघायचं आहे. तुमच्या उत्तराप्रमाणे मी व्यवस्था करेन. धन्यवाद.’

यात समोरच्याला उलटा प्रश्न विचारावा लागत नाही. वेळ आहे, पैशाचा विषय आहे, नाही म्हणायचं असेल तर त्यालाही वाट आहे. हा मेसेज बुधवारी पाठवा. आणि गुरुवारी संध्याकाळी, गाडीत बसण्याआधी, एक फोन कराच, कारण दिवसा उत्तर देणारा आणि पहाटे दार उघडणारा हे दोन वेगळे लोक असतात. ‘रात्रपाळीला सांगून ठेवाल ना? तुमचं नाव काय?’ एवढं विचारलं, की पहाटे काउंटरवर बोलायला काहीतरी हाताशी असतं. फोन नंबर मात्र कन्फर्मेशनमधलाच घ्या. गुगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर भलत्याचाच निघू शकतो. कोणी ‘अर्ली चेक-इनसाठी लिंकवर पैसे भरा’ म्हणालं, तर पैसे काउंटरवरच देईन म्हणा.

उत्तर ‘नाही’ आलं, तरी ते बुधवारी आलेलं बरं. वाशीत राहणाऱ्या मैत्रिणीकडे आंघोळ उरकता येते, नाहीतर पनवेल स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन शर्ट बदलता येतो.

मैत्रीण म्हटल्यावर आठवलं. ती रात्री तुमच्यासोबत राहायला येणार असेल, तर स्क्रीनशॉटवर ‘१ अ‍ॅडल्ट’ लिहिलंय ना, ते बघा. शिवाय काही हॉटेलं स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र चालवून घेत नाहीत. तुमच्या कुडाळच्या आधारला हरकत नसते, तिच्या वाशीच्या आधारला असते. हे नियमांच्या यादीत शेवटी कुठेतरी असतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधार, लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आधारची झेरॉक्स देण्यापेक्षा फक्त शेवटचे चार अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून चालतंय का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. आणि ‘पे अ‍ॅट हॉटेल’ लिहिलं असेल, तर पैसे अजून द्यायचेत; हिरव्या टिकमार्कवर जाऊ नका.

पत्ता तर दोनदा वाचा. नवी मुंबईत सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळमध्येही आणि खारघरमध्येही. पहाटे रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर दहा’ सांगून उपयोग नाही. नोड, सेक्टर, प्लॉट नंबर आणि जवळची खूण, हे सगळं पाहिजे. स्क्रीनशॉटमध्ये पत्ता अर्धा कापला गेलाय का, तेही बघून घ्या. बहुतेक वेळा नेमका तोच कापलेला असतो.

हॉटेलऐवजी कोणाचा फ्लॅट घेतला असेल, तर वरच्या मेसेजमध्ये एक ओळ वाढवा: ‘गेटवर माझं नाव आणि येण्याची वेळ सांगून ठेवाल का, आणि चावी कोणाकडे मिळेल?’ सोसायटीचा वॉचमन पहाटे पाचला अनोळखी माणसाला बॅगेसकट आत सोडणार नाही, आणि त्या वेळी मालकाचा फोन सायलेंटवर असतो.