फुटपाथ अडला तर दुबईत दार कुणाचं ठोठावायचं?

माझे सासरे, म्हणजे पपा, ७६ वर्षांचे. दर थंडीत साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे करामाला येतात आणि संध्याकाळी मगरिबची अजान झाली की फिरायला निघतात. गेल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी ते धापा टाकत परत आले. आमच्या इमारतीखालच्या ग्रोसरीने पाण्याच्या बाटल्यांचे खोके फुटपाथवर रचले होते आणि उरलेल्या जागेत डिलिव्हरीच्या बाईक उभ्या होत्या. पपांना खाली रस्त्यावर उतरावं लागलं. उतरताना त्यांनी साताऱ्याच्या सवयीने उजवीकडे पाहिलं. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे फुटपाथवरून उतरणाऱ्याच्या अंगावर पहिली गाडी येते ती डावीकडून. पिकअप हातभर अंतरावरून गेला.

त्या रात्री तक्रार करायचं ठरलं आणि घरी, शेजारी, व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ले सुरू झाले. त्यातले निम्मे चुकीचे होते.

पहिला गैरसमज असा, की बलदिया म्हणजे आपली महापालिका, तिला कळवलं की झालं. आपल्याकडे वॉर्ड ऑफिस असतं, नगरसेवक असतो, त्याच्या दारात जाऊन बसता येतं. मुंबईत १८८८च्या महापालिका कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना फुटपाथवरचं अतिक्रमण सूचनेशिवाय हटवण्याचा अधिकार देतं, त्यामुळे सगळ्या तक्रारी एकाच दाराशी नेण्याची आपल्याला सवय झालेली असते. दुबईत कामं वाटलेली आहेत. रस्ते आणि त्यालगतचे पदपथ २००५पासून आरटीएकडे आहेत. फरशी उखडली असेल, खोदकामाने किंवा बांधकामाच्या पत्र्यांनी वाट बंद झाली असेल, तर आरटीएचा ८००९०९० हा क्रमांक किंवा त्यांच्या ॲपमधली 'मदिनती' सेवा. दुकानाचा माल, कचरा, टाकून दिलेलं सामान यासाठी बलदियाचा ८००९००. आणि फुटपाथवर चढवलेलं वाहन हा वाहतुकीचा गुन्हा आहे, त्यासाठी पोलिसांचा ९०१. शारजात राहणाऱ्यांनी महापालिकेचा ९९३ लक्षात ठेवावा, अबू धाबीत ८००५५५.

आमच्या फुटपाथवर खोकेही होते आणि बाईकही. म्हणजे एका अडथळ्यासाठी दोन तक्रारी. हे मला नंतर कळलं.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे: "आपण परदेशी, त्यात पपा व्हिजिटवर. तक्रार केली तर आपल्यावरच शेकेल." असं काही होत नाही. हेल्पलाइनवर अरबीबरोबर इंग्रजीतही बोलतात, नाव आणि मोबाइल क्रमांक घेतात आणि एसएमएसवर तक्रारीचा क्रमांक पाठवतात. तक्रार मी माझ्या नावाने केली, कारण दोन महिन्यांनी पपा परत जाणार आणि पाठपुरावा मलाच करायचा होता. अंगाशी येऊ शकतं ते दुसरंच काही. आमच्या भाच्याने दुकानदाराचा व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकायची तयारी केली होती. २०२१चा सायबर गुन्ह्यांचा कायदा, क्रमांक ३४, इथे फार कडक आहे. संमतीशिवाय कुणाचा फोटो काढून पसरवणं हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो आणि त्याला किमान सहा महिने कैद, दीड लाख ते पाच लाख दिरहॅम दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तेव्हा फोटो फुटपाथचा काढावा, माणसांचे चेहरे टाळावेत आणि तो फक्त तक्रारीसोबत पाठवावा. भाच्याचा फोन मी हातातून काढून घेतला, ते बरंच केलं.

तिसरा गैरसमज पपांचा स्वतःचा. "वाट बंद होती म्हणून उतरलो, मला कोण दंड करणार?" खोके टाळण्यासाठी ते दुसऱ्या दिवशी मधूनच रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले. ठरलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडण्याला इथे ४०० दिरहॅम दंड आहे. २९ मार्च २०२५पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यात शिक्षा आणखी वाढली. अशा ओलांडण्याने अपघात झाला तर कैद आणि पाच ते दहा हजार दिरहॅम दंड, आणि ताशी ८० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यावर त्याहूनही जड शिक्षा. फुटपाथ अडला होता हे कारण चालून जाईल, असं धरून चालू नये. झेब्रा क्रॉसिंगपर्यंत उलट चालत जाणं म्हाताऱ्या गुडघ्यांना जड जातं हे मला कळतं, म्हणूनच तक्रार करणं भाग होतं.

आता तक्रार फसते कुठे, ते सांगते, कारण माझी पहिली फसली. मी लिहिलं होतं: करामा, ग्रोसरीजवळ, फुटपाथ अडवला आहे. चार दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा एसएमएस आला. मला वाटलं, कुणी पाहिलंच नाही. मग आमच्या नातूरने, म्हणजे इमारतीच्या वॉचमनने, साधी गोष्ट लक्षात आणून दिली. ग्रोसरीचा माल संध्याकाळी सहानंतर उतरतो आणि रात्री आत जातो. सकाळी कुणी बघायला आलं तर फुटपाथ स्वच्छ. शिवाय करामात ग्रोसऱ्या किती!

दुसऱ्या वेळी मी टेप घेऊन खाली गेले. खोके आणि बाईक यांच्यामधून उरलेली वाट भरली ४८ सेंटिमीटर. पपांच्या मैत्रिणी, तळमजल्यावरच्या आजी, वॉकर घेऊन चालतात. त्यांचा वॉकर ६२ सेंटिमीटर रुंद आहे, तो आडवा केला तरच जाईल आणि आडव्या वॉकरचा आधार घेता येत नाही. हे दोन्ही आकडे तक्रारीत घातले. इमारतीच्या दाराशी पाटीवर मकानी क्रमांक असतो, दहा आकडी. दुबईत पत्ता सांगण्याचा तो सगळ्यात नेमका मार्ग आहे, तो लिहिला. वेळ लिहिली, रोज संध्याकाळी सहा ते नऊ. तीन वेगवेगळ्या दिवसांचे, एकाच जागेवरून काढलेले फोटो जोडले आणि मागच्या तक्रारीचा क्रमांकही दिला, म्हणजे हे नव्याने उपटलेलं नाही हे वाचणाऱ्याला कळावं.

या वेळी संध्याकाळीच एक निरीक्षक आला. दुकानदाराशी दहा मिनिटं बोलला. दुसऱ्या दिवसापासून खोके दाराच्या आत रचले जाऊ लागले. दुकानदार माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मग एके दिवशी पपांना त्यानेच आपणहून खुर्ची दिली.

बाईक मात्र तिथेच होत्या. त्यांच्यासाठी ९०१ला वेगळी तक्रार केली, या वेळी वाहनांचे क्रमांक दिसतील असे फोटो काढून, आणि ते कुठेही न पसरवता. आता बाईक एरवी नसतात, पण शुक्रवारी रात्री ऑर्डरची गर्दी झाली की दोन-तीन चढतातच. पपा शुक्रवारी मागच्या सिक्क्यातून, म्हणजे इमारतींमधल्या बोळातून, जातात. दोन्ही तक्रारींचे क्रमांक मी फ्रिजवर चिकटवून ठेवले आहेत. पुढच्या थंडीत ते आले की मी पहिल्याच संध्याकाळी टेप घेऊन खाली जाणार आहे.