‘कंदा’ म्हणजे कांदा नव्हे

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या भागांत घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी कितीतरी घरं आहेत. तिथं सून म्हणून गेलेल्या मराठी मुली रोजची कानडी भराभर शिकतात. ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘ऊटा’ म्हणजे जेवण, हे विचारायला कुणी लाजत नाही. अडतं ते लाडाच्या शब्दापाशी.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचंच घ्या. माहेर बार्शीकडचं, सासर अक्कलकोटकडचं. एकदा त्या तापानं फणफणल्या होत्या. नवऱ्यानं कपाळावर हात ठेवून हळूच म्हटलं, ‘कंदा’. ताई हसल्या, “कांदा? मी काय कांदा आहे होय?” दुसऱ्या दिवशी जावेला सांगितलं, मग घरभर हशा. तोही हसला. पण नंतर तो शब्द त्याच्या तोंडून आलाच नाही. पोरगं आजारी पडलं तेव्हासुद्धा त्यानं मराठीतच ‘बाळा’ म्हटलं, तेव्हा कुठं ताईंच्या लक्षात आलं.

कानडीत ‘कंदा’ म्हणजे लेकरू. मुलगा असो की मुलगी, आई-आजी मांडीवरच्या पोराला असं म्हणतात. माणूस मोठा झाला तरी असा शब्द आत कुठेतरी असतो, आणि जिवाभावाचं कुणी दुखण्यात असलं की विचार न करता बाहेर पडतो. त्याला हसलं की आपण शब्दाला हसलो असं आपल्याला वाटतं. त्याला मात्र आईच्या हाकेला हसल्यासारखं होतं. त्यात शाळेत त्याच्या कानडी बोलण्यावर पोरं हसलेली असतील, तर तो लगेच मिटून जातो.

मग विचारायचं कसं? आधी आपल्या मराठीतली एक गोम बघा. ‘म्हणजे काय?’ हा आपला साधा प्रश्न, पण आवाज जरा चढला की त्याचंच भांडण होतं. ‘हे काय भलतंच?’ हे तर सरळच झिडकारणं. म्हणून अर्थ विचारण्याऐवजी माणसं विचारावीत. “अहो, तुमच्याकडे असं कोण कुणाला म्हणतं?” किंवा “तुम्हाला लहानपणी असं कोण म्हणायचं?” याला उत्तर देणं त्यालाही सोपं जातं. लाडाच्या शब्दाचा अर्थ त्याला कधी सांगावाच लागलेला नसतो, पण आजी कुठं बसायची ते नक्की आठवतं.

शब्द कानावर पडला त्याच क्षणी विचारू नये. आधी नुसती ओ द्यावी. रात्री निजानीज झाल्यावर, दोघंच असताना, आधी सांगावं की शब्द गोड लागला, मग विचारावं. शब्द त्यानं म्हटला तसाच म्हणून बघावा. ‘कं’ आखूडच ठेवायचा, लांबवला की झाला कांदा! चुकलं तर तोच सुधारून देईल.

त्या ताईंनी पुढे असंच केलं. “त्या दिवशी मी हसले, पण शब्द मनात राहिलाय. घरात असं कोण म्हणायचं हो?” तो आधी म्हणाला, “काही नाही, असंच.” ताई गप्प राहिल्या. बऱ्याच वेळानं तोच बोलू लागला. पायात काटा रुतला की आजी सुईनं काढायची आणि रडू नये म्हणून ‘कंदा, कंदा’ करत राहायची. ताईंच्या ओठावर आलं होतं, “हां, म्हणजे आमच्या सोन्यासारखं!” ते त्यांनी गिळलं, हे आम्हाला फार आवडलं. आपला शब्द मध्ये घातला की त्याची गोष्ट तिथंच संपते.

‘असंच’ म्हणून तो खरंच थांबला, तर आपणही थांबावं. हाक मारणारं माणूस आता नसेल, तर आवाज जड होतो. सासूबाईंना विचारायचं झालं तर चारचौघांत “हे मला असं म्हणतात” असं सांगू नये. “तुम्ही ह्यांना लहानपणी कशी हाक मारायचा?” एवढं पुरे.

दुसऱ्या कुणाला अर्थ विचारून रागावूही नये. ‘हुच्ची’ म्हणजे कानडीत वेडी. तेवढंच कळलं तर डोकं फिरेल. पण आपणही लाडानं ‘वेडाबाई’ म्हणतोच की. तो हसून, जवळ बसून म्हणतो की भांडताना, लोकांसमोर म्हणतो, यावरून ओळखावं. लाडाचाच असला आणि तरी टोचत असेल, तर “हा नको, तो दुसरा म्हणा” असं सरळ सांगावं. भांडणात, चारचौघांत येत असेल तर तो लाडाचा शब्द नव्हे. तिथं अर्थ विचारत बसू नये, “असं बोलायचं नाही” एवढंच सांगावं.