माल परतीची मुदत : पंप मागविण्यापूर्वी अटी वाचा

अलीकडे पाठीवरचा बॅटरी पंप, ठिबकचे सुटे भाग, भाजीपाल्याचे बियाणे इत्यादी माल शेतकरी मोबाईलवरून मागवितात. किंमत सर्वजण पाहतात. परंतु किमतीच्या खाली बारीक अक्षरांत माल परत घेण्याच्या अटी दिलेल्या असतात, तिकडे फारसे लक्ष जात नाही. या अटी साधारणतः तीन प्रकारच्या असतात. काही माल ठराविक दिवसांत परत करून पैसे मिळतात. काही मालाच्या बाबतीत पैसे परत न देता केवळ त्याच जातीचा दुसरा नग देण्यात येतो. तेथे 'Replacement' हा शब्द असतो. ज्या मालापुढे 'Non-Returnable' असे लिहिलेले असते तो परत घेतला जात नाही. एकच पंप दोन विक्रेते निरनिराळ्या अटींवर विकीत असतात. म्हणून ज्याच्याकडून माल घ्यावयाचा त्याचीच अट उघडून वाचावी.

शेतकऱ्याची खरी अडचण मुदतीच्या मोजणीत आहे. मुदत माल घरी पोहोचल्या दिवसापासून सुरू होते, वापर सुरू केल्यापासून नव्हे. समजा, खरिपासाठी 16 लिटरचा बॅटरी पंप मागविला. तो 20 मे रोजी घरी आला. अट 7 दिवसांत बदलून देण्याची आहे. पंप खोक्यासह माळ्यावर ठेवला व पहिल्या फवारणीसाठी 10 जुलै रोजी काढला, तेव्हा मोटर चालेना. मुदत मे महिन्यातच संपलेली असल्याने आता विक्रेता कंपनीच्या हमीकडे बोट दाखवितो. हमीची दुरुस्ती सेवाकेंद्रात होते. ते केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असले तर ऐन हंगामात पंप हाताशी राहत नाही.

यावर उपाय असा की, हंगाम दूर असला तरी माल आल्याबरोबर त्याची परीक्षा करावी. खोके उघडताना मोबाईलवर चित्रण करावे. पुस्तिकेप्रमाणे बॅटरी पूर्ण भरावी. टाकीत केवळ स्वच्छ पाणी घालावे. औषध मुळीच घालू नये, कारण औषध लागलेला पंप वापरलेला समजून नाकारला जाण्याचा संभव असतो. पंप सुरू करून टाकीचे झाकण, नळी व दांडीचे सांधे गळतात काय ते पाहावे. दांडीचा खटका बंद केल्यावर मोटर थांबली पाहिजे. ती थांबून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर कोठे तरी दाब गळत आहे असे समजावे. एका भरणीत किती टाक्या फवारून होतात ते मोजून जाहिरातीतील आकड्याशी ताडून पाहावे. त्यासाठी जाहिरातीचे चित्र खरेदीच्या वेळीच मोबाईलमध्ये जपून ठेवावे.

दोष आढळल्यास त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. मुदतीची शेवटची तारीख मागणीच्या पानावर दिसते; तिच्या दोन दिवस आधीच काम उरकणे इष्ट. पंप रिकामा करून वाळवावा आणि मूळ खोके, चार्जर व सर्व नोझल यांसह परत द्यावा. एखादी वस्तू कमी असल्यास माल नाकारला जाऊ शकतो.

'केवळ बदली'च्या अटीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंप निर्दोष आहे, पण पाठीला जड जातो, या कारणाने तो बदलून मिळत नाही. टाकीत 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो वजन, त्यात पंपाचे वजन निराळे. हा विचार मागणी करण्यापूर्वीच व्हावयास हवा.

बियाणे पुष्कळदा परत न होणाऱ्या वर्गात असते. पाकिटावरील लॉट क्रमांक, तपासणीची तारीख व वैधता पाहून मगच ते उघडावे. पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. पाकीट, लेबल, पावती आणि थोडे बियाणे जपून ठेवावे. उगवण कमी झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना त्यांचाच आधार असतो.

'परत घेतला जाणार नाही' असे लिहिले म्हणून सदोष माल शेतकऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे सदोष, बनावट अथवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मात्र दोष मुदतीत कळविला असेल तर पुरावा बळकट राहतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या बैठकीत, नवा पंप घेतलेल्या शेतकऱ्यांकडून पाण्याची ही परीक्षा समक्ष करवून घ्यावी.