दारू सोडल्यानंतरच्या चार रात्री

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याच्या आणि छपाईच्या गिरण्यांची पाळी सुटली, की रस्त्यावर गुजराती-हिंदीच्या जोडीने अहिराणीही कानी पडते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची कित्येक कुटुंबे तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरतेस आली आणि इथलीच झाली. गावचे सण, नवस, माळकऱ्यांचे नेम या मंडळींनी येताना बरोबर आणले. आम्ही आज सांगणार आहोत ती हकीगत अशाच एका घरची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, नाव तर देतच नाही. त्या घरी सारे त्यांना नाना म्हणतात, तेवढे येथे पुरे.

नाना रंगखात्यातील जुने कारागीर. अठरा वर्षे ते पीत होते, आणि शेवटची चार-पाच वर्षे पिणे सकाळपासूनच सुरू होई. राज्यात १९६० पासून दारूबंदी आहे, पण ज्याला मिळवायची असते त्याला ती मिळते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. थोरल्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा सासूबाईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितले, “आषाढी एकादशीला त्याच्या गळ्यात माळ घालू. विठोबाच्या शब्दाबाहेर तो जायचा नाही.” नानांनीही ते मनापासून मानले. दशमीच्या रात्री नऊ वाजता त्यांनी शेवटचा प्याला घेतला आणि उरलेली पिशवी स्वतःच्या हाताने मोरीत ओतली.

एकादशीला पहाटे माळ घालताना त्यांचे हात थरथरत होते. घरच्यांना वाटले, उपवासाचा अशक्तपणा असेल. दुपारी घामाने सदरा भिजला, छातीत धडधड होऊ लागली, उलट्या झाल्या. ‘पित्त खवळले’ म्हणून लिंबूपाणी देण्यात आले. ती रात्र नानांनी घरात येरझारा घालून काढली. द्वादशीला सकाळी नऊच्या सुमारास, पारण्याचे पान वाढले असताना, त्यांना आकडी आली. हातपाय ताठ झाले, तोंडास फेस आला आणि दोन मिनिटांनी शरीर सैल पडले. कोणी कांदा हुंगविला, कोणी चप्पल नाकाशी धरली. गल्लीतील एका दवाखान्यात नेले, तेथे सलाईनची बाटली लावून ‘अशक्तपणा आहे’ म्हणून परत पाठविण्यात आले. त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, परंतु नाना दारू पीत होते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वहिनींच्या मनात पोलिसांची भीती होती आणि ठरलेल्या लग्नाची काळजीही.

त्रयोदशीच्या रात्री नाना भिंतीसमोर उभे राहून, नसलेल्या यंत्रात नसलेले कापड सरकवू लागले. मदतनीस पोराला हाका मारीत होते, “अरे, कापड तिरपं चाललंय, धर!” गोधडीवरच्या मुंग्या झटकीत होते; मुंगी तर एकही नव्हती. पत्नीला त्यांनी ओळखले नाही. अंग तापले होते. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे, भगताला बोलवा. सुदैवाने पाळीवरून परतलेल्या पुतण्याने १०८ क्रमांकाची गाडी बोलाविली आणि रात्री दीडच्या सुमारास नाना रुग्णालयात पोहोचले. तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “शेवटचा पेला कधी घेतला?” वहिनींनी तिथी सांगितली. डॉक्टरांनी बोटांवर तास मोजले, शहात्तर भरले, आणि पुढे फारसे काही विचारावे लागले नाही.

बाधा नव्हती, वेडही नव्हते. वैद्यकात या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. १८१३ साली थॉमस सटन या इंग्रज वैद्याने तिला हे नाव दिले. दारुडा अन्नावाचून खंगतो म्हणून असे होते, अशी समजूत त्यानंतरही दीर्घकाळ टिकून होती. १९५५ साली अमेरिकेत डॉ. हॅरिस इस्बेल यांनी, आज कोणी मान्य करणार नाही असा, एक प्रयोग कैद्यांवर केला. त्यांना चांगले खाऊपिऊ घालून कित्येक आठवडे रोज भरपूर मद्य दिले आणि मग ते एकाएकी बंद केले. खाण्याची आबाळ नसतानाही कोणाला आकडी आली, कोणाला वात झाला. हा उत्पात उपासमारीचा नसून दारू अकस्मात थांबण्याचा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

असे का व्हावे? दारू मेंदूला संथ करते. ती रोज आणि दिवसभर मिळू लागली, की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. संथ करणाऱ्या स्वतःच्या यंत्रणा तो ढिल्या सोडतो आणि उत्तेजित करणाऱ्या वाढवितो. ब्रेक सतत दाबलेला असताना यंत्राची गती कायम राखण्यासाठी मोटारीचा जोर वाढवीत न्यावा, तसेच हे. आता तो ब्रेक एका क्षणात काढून घेतला, तर यंत्र भरधाव सुटणारच. मेंदूला पूर्वपदावर यायला दिवस लागतात, आणि तोवरचे चार-पाच दिवस धोक्याचे असतात.

हा उत्पात बहुधा घड्याळ लावल्यासारखा चालतो. सहा-आठ तासांत हातांना कंप सुटतो, घाम आणि मळमळ सुरू होते. आकडी बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भ्रम, ताप आणि नाडीची धावपळ असलेला वात दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान गाठतो. म्हणूनच ‘दोन दिवस काढले, आता सुटलो’ असे मानण्यात फसगत होते. दारू सोडणाऱ्या प्रत्येकाला वात होतो असे मात्र नाही. ज्यांना सोडताना त्रास होतो त्यांपैकी शंभरांत सुमारे पाचांना तो होतो. पण उपचारांअभावी पूर्वी अशा रुग्णांपैकी तिघांत एकापर्यंत दगावत असत. वेळीच उपचार मिळाले तर हे प्रमाण आज फारच कमी होते.

कोणाच्या बाबतीत सावध राहावे, हे ओळखण्याची खूण घरच्या बाईला डॉक्टरांच्या आधी दिसते. सकाळी हात कापतात, कपबशी वाजते, आणि दोन घोट घेतले की हात स्थिर होतात. एवढे दिसत असेल तर शरीराला दारूची सवय जडली आहे असे समजावे. पूर्वी दारू सोडताना आकडी वा वात झाला असेल, तर पुढच्या वेळी धोका अधिक. अशा माणसाची दारू शपथ घालून, खोलीत कोंडून किंवा गावी पाठवून एकाएकी तोडू नये. आधी डॉक्टर गाठावा आणि थांबविण्याचा दिवस त्यांनी ठरवावा. पाय मोडून किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी माणूस दाखल होतो तेव्हाही दारू नकळत तुटतेच. तेथे घरच्यांनी हे लपविले, तर तिसऱ्या दिवशी सगळेच गोंधळात पडतात. आकडी आली, भ्रम झाला, वा ताप चढला, तर मात्र विचार करीत न बसता रुग्णालय गाठावे. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कुशीवर वळवावे. आणि हातभट्टी घेतल्यानंतर दृष्टी धुरकटली, तर तो निराळाच धोका, विषारी लठ्ठ्याचा. तेथेही धाव रुग्णालयाकडेच.

नानांच्या बाबतीत पुढे काय झाले? आधी बी-जीवनसत्त्वापैकी थायामिनची सुई देण्यात आली आणि साखरेचे सलाईन त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या पिणाऱ्याच्या शरीरात थायामिन संपलेले असते. अशा वेळी नुसती साखर दिली, तर उरलेसुरलेही खर्ची पडून स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. मग लोराझेपाम सुरू केले. हे औषध दारूने दाबलेल्या ब्रेकचेच काम तात्पुरते करते, आणि ते रोज थोडे थोडे कमी करता येते. अशी औषधे अनेक आहेत. नानांचे यकृत सुजले असल्याने हे निवडले. परिचारिका दर काही तासांनी कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता अशा दहा बाबींना गुण देत आणि त्यावरून मात्रा ठरे. चौथ्या दिवशी नाना शांत झोपले. जागे झाल्यावर त्यांनी विचारले, “एकादशी झाली का?” मधले काहीच त्यांना आठवत नव्हते. या गोळ्या दुकानातून आणून घरी देण्याचा मोह कोणी धरू नये. वरून दारू पोटात गेली, तर श्वासच मंदावतो.

तसेच ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून विकली जाणारी पूड. तिच्यात काय असते हे सहसा लिहिलेले नसते. डायसल्फिराम हे खरे औषध जरी घेतले, तरी ते रुग्णाच्या संमतीने आणि शेवटच्या पेल्यानंतर निदान बारा तासांनीच सुरू करतात. ते पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततो. चहातून चोरून ते देणाऱ्या पत्नीची तळमळ आम्हांस कळते, पण तो मार्ग नव्हे.

पांडेसऱ्याहून उपचारासाठी जाण्याची जवळची सरकारी जागा म्हणजे मजुरा गेटजवळचे नवी सिव्हिल हॉस्पिटल. तेथे मानसोपचार विभाग आहे. महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय उमरवाड्यात आहे. कोठे जावे हेच सुचत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हे विनाशुल्क क्रमांक आहेत. आणि पोलिसांची भीती? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टरांना हवे असते ते एवढेच, की किती, केव्हापासून, आणि शेवटचे केव्हा.

शरीरातून दारू निघाली म्हणजे उपचार संपले नाहीत, किंबहुना ते तेथून सुरू होतात. ओढ कमी करणारी औषधे असतात, गटाच्या सभा असतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही पिणाऱ्यांची, तर अल-अॅनॉन घरच्यांची. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तेथेही रुग्णाच्या बरोबरीने कुटुंबाशी बोलणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

नाना सात महिने कोरडे राहिले. लग्नात एका पाहुण्याच्या आग्रहास बळी पडले आणि तीन आठवड्यांत पुन्हा सकाळचा पेला सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, “माळेचा अपमान केला, आता खोलीत कोंडा.” वहिनी या वेळी बधल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी जुना कागद घेऊन त्या नानांसह रुग्णालयात गेल्या आणि डॉक्टर विचारण्यापूर्वीच म्हणाल्या, “आज सकाळी सातला घेतलीय, साहेब. मागच्या वेळी आकडी आली होती.” त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतले. कंप आला, आकडी आली नाही. दहाव्या दिवशी गोळ्या संपल्या, आणि नानांनी माळ मागून घेतली.